‘उपवासाचंच आहे, घे की!’ : पहिल्या नवरात्रात नातेवाइकांचा आग्रह कसा सांभाळायचा

‘आज माझा उपवास आहे’ असं सांगितलं म्हणून आपल्याकडे कुणी अडवत नाही. उलट घरात धावपळ सुरू होते. पोळी-भाजी मागे राहते आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वडे, राजगिऱ्याचे लाडू पुढे येतात. धान्य नाकारणं सोपं असतं, कारण ते सगळ्यांनाच मान्य असतं. खरी पंचाईत होते ती उपवासाचंच, पण तुमच्या नियमात न बसणारं ताट समोर आल्यावर. तुम्ही दिवसातून एकदाच खाताय आणि आत्यानं सकाळीच खिचडी लावलीय. पित्ताच्या त्रासानं तुम्ही साबुदाणा सोडलाय आणि काकूनं खास तुमच्यासाठी वडे तळलेत. त्या वेळी येणारं ‘उपवासाचंच आहे, घे की!’ हे वाक्य पहिल्यांदा नवरात्र धरणाऱ्याला फार जड जातं.

आमच्याकडे कोल्हापुरात नवरात्रात माणसांची वर्दळ असते. अंबाबाईच्या दर्शनाला येणारे नातेवाईक आमच्याकडे उतरतात. त्यामुळे आग्रह करणारी म्हणून आणि आग्रह झेलणारी म्हणूनही मला हा सगळा प्रकार ठाऊक आहे. मागे माझी भाची पहिल्यांदाच नवरात्र धरून ललितापंचमीला आली होती. तिनं जे केलं ते मला इतकं पटलं, की पुढच्या पायऱ्या सांगताना तिचंच उदाहरण घेणार आहे.

पहिली पायरी : आपला नियम एका वाक्यात बसवा

‘माझं नवरात्र आहे’ एवढं सांगून समोरच्या बाईला अर्धीच माहिती मिळते. नवरात्र धरण्याच्या रीती अनेक आहेत. कुणी उठता-बसता करतं, म्हणजे घट बसतात तो दिवस आणि उठतात तो दिवस. कुणी नऊ दिवस फराळावर असतं. कुणी एकभुक्त असतं, कुणी फक्त फळं आणि दूध घेतं. काही घरांत धान्यफराळ असतो, म्हणजे धान्य आधी भाजून घ्यायचं आणि मग त्याची भाकरी किंवा भात करायचा. तुम्ही प्रकार सांगितला नाहीत तर ती बाई तिच्या घरची रीत धरून चालणार, आणि त्यात तिची काही चूक नाही.

जिन्नसांचंही तसंच. कोथिंबीर एका घरात चालते, शेजारच्या घरात चालत नाही. कुठे उपवासाला भेंडी करतात, तर कुठे तिचं नाव काढलं तरी हसतात. लाल तिखट, लाल भोपळा, साधं मीठ की सैंधव, सगळ्यांतच मतभेद. हळद बहुतेक घरांत वर्ज्य. हिंगाचं मात्र कारण सरळ आहे : बाजारात मिळणाऱ्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, म्हणून धान्य न खाणारे हिंगही टाळतात.

त्यामुळे ‘उपवासाला खरं काय चालतं’ हा वाद घालायला जाऊ नका. त्यात कुणीच जिंकत नाही. खरं सांगायचं तर साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चारही अमेरिका खंडांतले. पोर्तुगीज आल्यानंतर ते आपल्याकडे रुजले. म्हणजे आजचा आपला फराळ काही फार पुरातन नाही. पण ही माहिती जेवायला बसल्यावर आजीला ऐकवायची नसते.

तुमच्या वाक्यात तीन गोष्टी हव्यात : काय खाणार, केव्हा खाणार आणि उपवास कधी सुटणार. भाचीचं वाक्य असं होतं : ‘मी नऊ दिवस धरलेत, दिवसभर फळं-दूध-ताक घेते, रात्री एकदाच फराळ करते, त्यात साबुदाणा आणि तळलेलं नाही, दसऱ्याला सोडणार.’ एवढंच. याहून लांब वाक्य कुणाच्या लक्षात राहत नाही आणि याहून तोकडं सांगितलं की त्यातून वडे निघतात.

‘नऊ दिवस’ म्हणताना कॅलेंडर मात्र बघा. तिथीची वृद्धी झाली की दिवस वाढतो. २०२५ साली घट २२ सप्टेंबरला बसले आणि दसरा २ ऑक्टोबरला आला. ‘नवव्या दिवशी जेवायला येते’ असा शब्द तुम्ही दिलात आणि घरात अजून घट उठलेलेच नसले, तर तुमच्यासकट सगळ्यांचीच पंचाईत.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर हे वाक्य डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं की साखर खाली येते. हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, साखर सत्तरच्या खाली गेली, तर तिथेच साखर-पाणी घ्यायचं, उपवास बाजूला ठेवायचा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे अशा माणसाला वाटीभर खिचडी म्हणजे एकदम चढणारी साखर. घरातल्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं असलं की पुढे ‘थोड्यानं काय होतंय’ या वाक्याला उत्तर तयार असतं.

दुसरी पायरी : नकार चुलीपाशी द्या, पानावर नको

या सगळ्या लेखातली एकच पायरी पाळायची ठरवली, तर ही पाळा. बाई आग्रह करते तेव्हा तिच्या हातात तयार पदार्थ असतो. त्यामागे तिचे दोन-चार तास असतात. त्या क्षणी तुम्ही कितीही गोड बोललात तरी नकार पदार्थाला न राहता तिच्या कष्टाला होतो. हाच नकार आदल्या दिवशी दिला तर तो नुसता निरोप असतो, कुणाला लागत नाही.

आदला दिवसच का, याला स्वयंपाकघरातलं कारण आहे. साबुदाणा चार-पाच तास, बऱ्याचदा रात्रभर भिजवावा लागतो. म्हणजे सकाळी वड्यांचा बेत असेल तर साबुदाणा आदल्या रात्री पाण्यात पडलेला असतो. तुम्ही दारात चप्पल काढताना ‘मला साबुदाणा नको हं’ म्हणालात, तर त्या भिजलेल्या साबुदाण्याचं ती काय करणार? तो तिच्या डोक्यात बसतो आणि मग दिवसभर या ना त्या रूपात तुमच्यापुढे येत राहतो.

फोन करायचा तो घरात चूल जिच्या हातात आहे तिला. मामाला किंवा आतेभावाला सांगितलेला निरोप स्वयंपाकघरापर्यंत पोचेलच असं नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तर हे मुळीच लिहू नका. तिथे चार जण अंगठा दाखवतात, दोघं आपापला अनुभव सांगतात, कुणीतरी साबुदाण्याच्या तोट्यांचा व्हिडिओ टाकतं आणि जिला कळायला हवं तिनं तो गट बंद करून ठेवलेला असतो.

फोनवर काय नको यापासून सुरुवात करू नका. काय हवं तिथून करा. भाचीचा फोन मला आदल्या दिवशी दुपारी आला. तो जवळजवळ जसाच्या तसा सांगते.

‘मामी, उद्या येतेय. त्र्यंबोलीचं दर्शन घेऊन मग घरी येईन. माझं नवरात्र आहे, दिवसभर फळं-ताक घेते आणि रात्री एकदाच फराळ. रात्री तुमच्या हातची भगर आणि दाण्याची आमटी मिळेल का?’

‘मिळेल की. आणि सकाळी वडे करते, तुला आवडतात.’

‘वडे नका करू मामी. साबुदाण्यानं मला पित्त होतं म्हणून या वेळी ठेवलेलाच नाही. बाकीच्यांसाठी करत असाल तर करा, माझ्यापुरते नकोत. मला भगरच हवीय.’

‘बरं. आजींना मी सांगते.’

‘आजीला मीच सांगेन. तिला फोन देता?’

या फोनमध्ये दोन गोष्टी नीट झाल्या. एक, तिनं मला काम दिलं. पाहुण्याला काहीतरी आवडीचं करून घालायचं ही आमची गरज असते. ती अडवली की आग्रह वाढतो, वाट करून दिली की शांत होतो. दोन, तिनं मागितलेली गोष्ट सोपी होती. भगर धुऊन, वाटीला तीन वाट्या गरम पाणी घालून झाकली की पंधरा-वीस मिनिटांत होते. दाण्याचं कूट, जिरं, हिरवी मिरची, दोन आमसुलं आणि तूप असलं की आमटी तेवढ्याच वेळात. फोन करायला उशीर झाला असेल, अगदी वाटेत असताना आठवलं असेल, तरी भगर किंवा उकडलेली रताळी हे मागणं कुणाला जड जात नाही.

भगरीबद्दल एक सांगून ठेवते. नवरात्रात आणि महाशिवरात्रीला भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात. दमट हवेत तिला बुरशी धरते. म्हणून सुटी न घेता पाकिटातली, तारीख बघून घ्यावी, स्वच्छ धुवावी, भगरीचं पीठ फार दिवस साठवू नये. कुणी कालची उरलेली भगर गरम करून देऊ लागलं तर बिनदिक्कत नको म्हणा आणि कारणही खरं तेच सांगा. यात कुणाचा मान जात नाही.

तिसरी पायरी : कारण एकच आणि तेही खरं

नव्या माणसाला वाटतं, दोन-तीन कारणं सांगितली की नकार पक्का होतो. होतं उलटं. प्रत्येक कारणाला आपल्या नातेवाइकांकडे तोड असते. ‘मला पित्त होतं आणि शिवाय वजनही कमी करतेय आणि आत्ताच केळं खाल्लंय,’ असं म्हणालात की पित्तावर कोकमाचं सरबत येईल, वजनावर ‘अगं, आहेस कुठे तू, वाळलीस किती’ येईल आणि केळं तर कुणी मोजतच नाही. तीन कारणं तीन दारं उघडतात. एकच धरून बसा.

खोटं कारण त्याहून वाईट. ‘पोट बिघडलंय’ म्हटलं की ओवा येतो, हिंगाचं पाणी येतं, रात्री ‘आता बरं वाटतंय ना, मग घे’ येतं आणि दुसऱ्या दिवशी आईला फोन जातो. आणि ‘डाएट’ हा शब्द निदान नवरात्रात उच्चारू नका. एकदा तो निघाला की तुमचा उपवास भक्तीचा की बारीक होण्याचा, यावर चर्चा बसते आणि ती चर्चा तुमच्या आईपर्यंत, सासरपर्यंत, लग्न ठरायचं असेल तर त्या स्थळापर्यंतही जाते.

मग खाण्यातला बदल खरोखरच तब्येतीसाठी असेल तर? तसं सरळ सांगा, पण देवीच्या नावावर घालू नका. ‘उपवास देवीचा आहे. साबुदाणा मात्र मला झेपत नाही म्हणून ठेवलेला नाही.’ दोन गोष्टी दोन वाक्यांत वेगळ्या ठेवल्या की गोंधळ होत नाही. नाहीतर मंगळवारच्या चतुर्थीला तुम्ही खिचडी खाताना दिसाल आणि तुमच्याच तोंडचं वाक्य तुमच्यापुढे येईल.

चौथी पायरी : आग्रहाच्या तीन फेऱ्या ओळखा

इतकं सगळं करूनही पानावर आग्रह होतोच. तो थांबवायचा नसतो, पार करायचा असतो. मी तरी त्याच्या तीन फेऱ्या मोजते.

पहिली फेरी रीतीची. ‘घे गं, लाजू नको.’ पाहुणा पहिल्यांदा नाही म्हणतो आणि मग घेतो, हे इतक्या पिढ्यांचं चाललंय की पहिला नकार आमच्याकडे नकार धरतच नाहीत. म्हणून तो हसून, हलका द्यायचा. ‘नको आजी, बस.’ इथेच आवाज चढवून नियमावली सांगू लागलात तर तुम्ही विनाकारण कडक दिसता.

दुसरी फेरी मायेची. ‘एवढंसं घे, माझ्यासाठी.’ इथे कारण सांगायचं, तेच एक, फोनवर सांगितलेलं. आणि लगेच दुसरं काहीतरी मागायचं. नुसता नकार देऊन थांबलात तर वाढणारीचा हात तसाच हवेत राहतो. ‘वडा नको, आमटी अजून एक पळी वाढ’ म्हटलं की तो हात वळतो आणि तिचं वाढणंही होतं.

तिसरी फेरी शंकेची. ‘आमच्या घरचं आवडत नाही का?’ किंवा ‘पुण्याला जाऊन बदलली.’ आता विषय खाण्याचा राहिलेला नाही. साबुदाणा, पित्त यांवर इथे एक शब्दही बोलू नका. नातं सांगा. ‘तुझ्या हातचं आवडतं म्हणूनच तर फोन करून भगर मागितली.’ आदला फोन इथे कामाला येतो. तो केला नसेल तर या वाक्याला आधारच राहत नाही.

आमच्या घरी त्या रात्री हे असंच झालं. आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, फोनवर ‘बरं बरं’ म्हणाल्या होत्या, पण रात्री पानं घेताना त्यांनी दोन वडे आणून भाचीच्या ताटाशी धरलेच.

‘दोनच आहेत. उपवासाचेच आहेत की!’

‘आजी, मी साबुदाणा ठेवला नाहीये गं. आमटी दे की थोडी.’

‘अगं, नऊ दिवस असं फळांवर राहून चक्कर येईल. एक घे.’

‘दुपारी ताक, केळी, खजूर सगळं झालंय. आता भगर दोनदा घेतली बघ.’

‘तुझी आई लहानपणी पाच-पाच खायची.’

‘मग दसऱ्यानंतर आईला घेऊनच येते. दोघींना करून घाल.’

आजी हसल्या, वडे मामांच्या ताटात गेले. भाचीनं एकदाही ‘मी सांगितलं होतं ना’ म्हटलं नाही. खरं म्हणजे सांगितलं होतं, पण ते ऐकवण्यात काही मिळत नाही.

ताटावर आडवा हात धरणं ही जुनी खूण अजूनही चालते, पण ती पदार्थ ताटाशी येण्याआधी धरा. पळी उलटी होत असताना हात मध्ये घातला तर आमटी हातावर सांडते आणि सगळी पंगत तुमच्याकडे बघते. दुसरं असं, की पहिलं वाढप कमी घ्या आणि हळू खा. ताट रिकामं दिसलं की कुणाचाही हात आपोआप पुढे येतो, ताटात चार घास शिल्लक असले की येत नाही. मात्र शेवटी ते चार घास संपवा. पानात टाकलेलं अन्न आमच्या पिढीला नकारापेक्षा जास्त खुपतं.

‘नंतर घेते’ हे शब्द घेणार असाल तरच वापरा. सुटका म्हणून ते सोपे वाटतात, पण आमच्या घरात ‘नंतर’ म्हणजे झाकून ठेवलेली वाटी. ती रात्री साडेदहाला परत येते.

पाचवी पायरी : प्रसाद वेगळा धरा

फराळाला नाही म्हणता येतं, प्रसादाला नाही. आणि नवरात्रात प्रसाद नेहमी उपवासाचाच असतो असं नाही. आमच्या भागात घटावर फुलोरा बांधतात, त्यात कडाकण्या असतात. कडाकणी म्हणजे पिठाची गोड, तळलेली, पापडासारखी पुरी. बहुतेक उपवास धरणाऱ्यांना ती चालत नाही. अष्टमीच्या नैवेद्यात पुरण असतं. कुणाकडे कुमारिका जेवायला बसलेल्या असतात आणि तुम्हालाही पान वाढलं जातं.

प्रसाद हातात घ्या, दोन्ही हातांनी. कपाळाला लावा आणि देणारीला सांगा, ‘उपवास आहे, पारण्याला घेईन.’ एवढं पुरतं, कुणी वाईट मानत नाही. मग तो खरोखरच कागदात किंवा डब्यात घालून जपा. कडाकणी तळलेली असल्यानं काही दिवस टिकते. पुरण किंवा खीर टिकत नाही, ते घरातल्या उपवास नसलेल्या माणसाला लगेच द्या. प्रसाद देणारीच्या देखत दुसऱ्याच्या हातात कोंबू नका, स्वयंपाकघरात जाऊन द्या.

चुकून धान्याचा घास गेला, किंवा आमटीत हिंग होता असं खाल्ल्यावर कळलं, तर पंगतीत गाजावाजा करू नका. पुढचे घास थांबवा, पाणी प्या आणि पुढे नेहमीसारखा उपवास चालू ठेवा. करणारीला ते त्याच दिवशी कळायची गरज नसते. पुढच्या फोनवर ‘हिंग नको हं’ एवढं म्हणा. आणि खाऊन झाल्यावर ‘यात काय काय घातलंय?’ हा प्रश्न विचारायचा नसतो. विचारायचं तर आधी.

न ऐकणाऱ्यांसाठी

वरच्या पायऱ्यांनी बहुतेक माणसं वळतात. दोन प्रकारची वळत नाहीत.

एक, उपवासच न मानणारा काका किंवा मेहुणा. ‘देव काय उपाशी राहा म्हणतो का?’ हा त्याचा आवडता प्रश्न आणि तो तुमच्या ताटाकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारतो. त्याला उत्तर नको असतं, चर्चा हवी असते. ‘देव म्हणत नाही काका, मला करावंसं वाटलं’ एवढं बोलून ताटाकडे वळा. ‘करावंसं वाटलं’ यावर वाद घालता येत नाही.

दुसरी, तुमच्याहून कडक उपवास करणारी. ‘आम्ही तर नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढले.’ तिला तुमचा उपवास उपवास वाटत नाही, म्हणून ती कधी टोमणा मारते आणि कधी, याचं मला नेहमी नवल वाटतं, आग्रहही तीच जास्त करते. तिच्याशी बरोबरी करू नका. ‘तुमच्याइतकं मला जमायचं नाही’ म्हटलं की ती खूश होते आणि बहुतेक वेळा पुढे तुमच्या बाजूनं बोलायला लागते. कुणी तुम्हाला खाऊ घालायला आलं तर तीच ओरडते, ‘राहू दे गं, तिचं नवरात्र आहे.’ हे मी आमच्याच घरात पाहिलंय.

सासरी पहिलं नवरात्र असेल तर हे सगळं नवऱ्यानं आधी सांगावं. सुनेनं स्वतः सासूला ‘मला साबुदाणा नको’ म्हणणं आणि मुलानं आईला ‘तिला साबुदाण्यानं पित्त होतं’ म्हणणं, यांत खूप फरक पडतो. पण नवऱ्यानं सांगून झाल्यावर सुनेनं स्वयंपाकघरात जाऊन भगर आपण शिजवावी. नाहीतर सासूचं एका वेगळ्या पदार्थाचं काम वाढलं, एवढंच त्या निरोपातून शिल्लक राहतं.

पारणं ठरवताना

नकार देताना दिलेला शब्द इथे पाळायचा असतो. ‘दसऱ्यानंतर येते’ म्हणालात तर जा. त्या वर्षी नाही गेलात, तर पुढच्या नवरात्रात तुमच्या एकाही वाक्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

पारणं कुठल्या दिवशी, हे ज्या घरी जेवणार आहात त्या घराला विचारा. काही घरांत नवमीला नैवेद्य झाला की उपवास सोडतात, काही घरांत दसऱ्याला घट उठल्यावर. तुमचा उपवास नवमीला सुटत असेल आणि त्यांचा दसऱ्याला, तर तुम्ही नवमीला त्यांच्याकडे गेलात की पुन्हा फराळच मिळेल. उलट झालं तर तुमच्यापुढे पुरणपोळी येईल आणि तुमचा उपवास अजून एक दिवस बाकी असेल.

पारण्याच्या दिवशी आग्रह सगळ्यात जोरात होतो, कारण आता नाही म्हणायला तुमच्याकडे उपवास उरलेला नसतो. नऊ दिवस हलकं खाल्लेल्या पोटाला एकदम श्रीखंड-पुरी आणि भजी झेपत नाहीत. म्हणून सोडताना आधी वरण-भात-तूप मागून घ्या. हा मान्य असलेला क्रम आहे, कुणी हरकत घेत नाही. गोड एकदाच घ्या आणि ते पहिल्या वाढपात घ्या, म्हणजे ‘गोड घेतलंच नाही’ असं म्हणता येत नाही. आणि आजीनं कबूल केलेले वडे त्याच दिवशी मागू नका. त्यांच्यासाठी दुसरा दिवस ठरवा, आणि तुम्हाला साबुदाणा अजूनही झेपत नसेल तर हे तिला वड्यांचा साबुदाणा भिजायच्या आधी सांगा. आमच्याकडे शेवटी साबुदाण्याऐवजी बटाट्याचे वडे झाले, आणि भाचीच्या आईनं ते पाच खाल्ले.